पाच वर्षांनंतरही अंथरूण ओलं होतं, तेव्हा आधी मुलाचं पोट बघा : पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी बालरोगतज्ज्ञ आहे. डिचोली, सत्तरी, फोंडा या भागातली मुलं माझ्याकडे येतात. अंथरुणात शू होते म्हणून मुलाला थेट घेऊन येणारे पालक फार थोडे. मुलाला तापासाठी किंवा खोकल्यासाठी आणलेलं असतं. तपासणी होते, औषध लिहून होतं, आणि मुलगा बाहेर चपला घालत असताना आई दाराशी थांबून हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, अजून एक होतं. रात्री अंथरूण ओलं करतो. सात पूर्ण झाले." त्या दाराशीच विचारल्या गेलेल्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. बद्धकोष्ठतेवर मी सर्वांत जास्त लिहिलं आहे, कारण तीच सर्वांत जास्त नजरेआड राहते आणि आपल्या हातात असलेलीही तीच आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलाने अंथरूण ओलं करणं हा आजार आहे का?

पाच वर्षांपर्यंत आम्ही याला नाव देत नाही. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण १५ मुलं रात्री ओली होतात. त्यानंतर दर वर्षी त्यांतली १५ टक्क्यांच्या आसपास मुलं काहीही न करता कोरडी राहू लागतात. शंभरात एखाद-दुसरं माणूस मोठेपणीही या त्रासातून सुटलेलं नसतं. म्हणजे "मोठा झाला की जाईल" हे आजीचं म्हणणं पुष्कळांच्या बाबतीत खरं ठरतं. पण आठवड्यातून पाच-सहा रात्री ओला होणारा सात वर्षांचा मुलगा नुसतं थांबून लवकर सुटेल, असं मी सांगू शकत नाही.

यात आनुवंशिकता मोठी आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास असते, आणि दोघांनाही असेल तर ७७ टक्क्यांच्या. मी हे विचारलं की बऱ्याचदा वडील खाली बघतात आणि आजी सांगते, "हा चौथीपर्यंत करायचा." हे मुलासमोर बोललं जावं असं मला मनापासून वाटतं. बाबाही असाच होता आणि नंतर बरा झाला, हे ऐकताना मुलाचा चेहरा बदलतो.

तो इतका गाढ झोपतो की ढोल वाजवला तरी उठत नाही. मग झोपच कारण ना?

अर्धं खरं आहे. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो, पण त्या निरोपाने मूल जागं होत नाही. जागं होण्याचा उंबरठा या मुलांमध्ये खरोखरच उंच असतो. पण ती शांत, गाढ झोपतात असं मात्र नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००८ साली अशा मुलांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र त्रास असलेल्या मुलांचा मेंदू रात्रभर वारंवार अर्धवट चाळवत होता, झोप उथळ आणि तुटक होती, तरी ती पूर्ण जागी होत नव्हती. भरलेलं, आकुंचन पावणारं मूत्राशय रात्रभर दार ठोठावत राहतं आणि मेंदू त्या आवाजाला सरावतो, असं मी पालकांना सांगतो. म्हणून सकाळी ही मुलं दमलेली, किरकिरी असतात.

यातून कामाची गोष्ट एवढीच निघते, की झोप "हलकी" करायचा उपाय शोधत बसू नये. दार ठोठावणंच कमी करता येतं, आणि ते काम मूत्राशयाचं आणि पोटाचं आहे. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. झोपेत श्वास अडला की शरीर रात्री जास्त लघवी तयार करतं. अशा काही मुलांचं अंथरूण त्या गाठी काढल्यावर कोरडं झालेलं मी पाहिलं आहे.

मूत्राशय लहान आहे हे घरी कसं कळणार?

मोजून. याला सोनोग्राफी लागत नाही. स्वयंपाकघरातला मापाचा मग किंवा मिलिलिटरच्या खुणा केलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. तो डबा मग त्याच कामासाठी वेगळा ठेवायचा.

मुलाच्या वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. त्या वयात मूत्राशयात साधारण तेवढे मिलिलिटर मावायला हवेत. सहा वर्षांच्या मुलीसाठी २१०, आठ वर्षांच्या मुलासाठी २७०. आता शाळा नसलेले दोन दिवस निवडा. शनिवारी शाळा असेल तर दोन रविवार घ्या. मूल जेव्हा जेव्हा शू करेल तेव्हा ती डब्यात धरायची, आकडा आणि वेळ लिहायची. घाई करायला लावू नका आणि "धर, धर" असंही सांगू नका. सकाळी उठल्यावरची पहिली शू या हिशोबात धरायची नाही. उरलेल्यांमधला सर्वांत मोठा आकडा ही मुलाची दिवसाची क्षमता. ती अपेक्षित आकड्याच्या ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मूत्राशयात कमी मावतं असं म्हणता येतं.

मूत्राशय जन्मतः छोटं असतं असा याचा अर्थ घेऊ नका. बहुतेकदा पिशवी नीट असते, पण ती पूर्ण भरायच्या आधीच आवळते, नाहीतर तिला फुगायला जागाच मिळत नाही.

त्याच दिवसांत रात्रीचंही माप घ्या. रात्री डायपर घाला. घालण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि सकाळी पुन्हा तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. त्यात सकाळची पहिली शू मिळवा. ही बेरीज अपेक्षित क्षमतेच्या १३० टक्क्यांपेक्षा जास्त भरली तर मूल रात्री लघवीच जास्त तयार करतं आहे, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. हे दोन आकडे वहीत लिहून आणणाऱ्या पालकांसोबत माझं काम अर्ध्यावर येतं.

आमच्या मुलीला शी रोज होते. मग बद्धकोष्ठता कशी असेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, आणि चूकही इथेच होते. रोज होणं आणि पोट रिकामं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल रोज थोडी थोडी शी करतं आणि मागे मोठा साठा तसाच राहतो. दर दिवशी वरचा थोडासा भाग निघतो, एवढंच.

त्यामुळे मी "रोज होते का?" असं विचारतच नाही. शी कशी दिसते ते विचारतो. सुटे कडक खडे, शेळीच्या लेंड्यांसारखे? की भेगाळलेली, गाठी गाठी असलेली जाडजूड? आठवड्यातून एकदा इतकी मोठी होते का, की कमोड तुंबतो आणि दोन-तीन बादल्या पाणी ओतावं लागतं? चड्डीला पिवळट-तपकिरी डाग लागतात का? अशा डागांसाठी "नीट धूत नाही" म्हणून मुलाला बोलणी बसतात. खरं तर साठलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपत असते आणि मुलाला ते कळतही नाही. पोट दुखतं म्हणतो, जेवणात लक्ष नाही, शी आली की पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो, टाचा उचलतो? पालकांना वाटतं तो जोर लावतोय. तो शी मागे धरून ठेवत असतो, कारण मागच्या वेळी दुखलं होतं.

दहा वर्षांच्या मुलाचं यातलं काही तुम्हाला दिसणारच नाही, कारण तो न्हाणीचं दार लावून घेतो. त्याला सांगा, आठवडाभर पाणी ओतायच्या आधी हाक मार.

पोटातल्या साठ्याचा लघवीशी काय संबंध?

जागेचा आणि नसांचा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, मूत्राशयाच्या अगदी मागे चिकटून असतो. लहान मुलाच्या ओटीपोटाच्या हाडांमधली जागा ती केवढी! त्यात गुदाशय फुगून राहिला की तो मूत्राशयाला मागून दाबतो. दोन्हींच्या नसाही पाठीच्या कण्याच्या त्याच भागातून येतात, त्यामुळे ताणलेला गुदाशय मूत्राशयाला चुकीच्या वेळी आवळायला लावतो. शी धरून ठेवण्यासाठी सतत आवळलेले स्नायू शू करतानाही नीट सैल पडत नाहीत, आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. म्हणजे एकाच साठ्यामुळे पिशवीत कमी मावतं, ती लवकर आवळते आणि शिवाय अर्धी भरलेलीच राहते.

सोनोग्राफीत मूत्राशयामागचा गुदाशय तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद दिसला तर साठा आहे असं धरतात. प्रत्येकाला ती लागते असं नाही. पुष्कळदा पोटावर हात ठेवला की डाव्या बाजूला खाली खडा हाताला लागतो.

अमेरिकेतल्या आयोवामध्ये १९९७ साली बद्धकोष्ठतेच्या २३४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं रात्री ओली होत होती. ज्यांचं पोट नीट मोकळं झालं, त्यांतल्या ६३ टक्के मुलांचं रात्रीचं ओलं होणं थांबलं. ही सगळी मुलं आधीच बद्धकोष्ठतेसाठी आलेली होती, म्हणून अंथरूण ओलं करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आकडा लावू नका. पण पोट न तपासता कोणी चड्डी ओली होताच वाजणारा अलार्म किंवा गोळी देत असेल तर थांबा आणि आधी पोटाबद्दल विचारा.

प्रत्यक्षात हे कसं घडतं? एखाद्या मुलाचं उदाहरण सांगाल का?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. सात वर्षांचा मुलगा, वजन २४ किलो. आठवड्यातून सहा रात्री ओला. दिवसा कोरडा, पण शू आली की धावत सुटायचा. शाळेतलं शौचालय घाण म्हणून सकाळी साडेसातपासून दुपारी दीडपर्यंत तो शूलाही जात नव्हता, शीचा तर प्रश्नच नाही. पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत यायची. शी "रोज", असं आई म्हणाली. शनिवारी मात्र कमोड तुंबायचा, आणि चड्डीला डाग होते.

त्याची अपेक्षित क्षमता सात अधिक एक, गुणिले ३०, म्हणजे २४०. आईने दोन दिवस मोजलं. शूचे आकडे होते ९०, ७०, ११०, १३०, ८०, १०० असे. सर्वांत मोठा १३०. २४० चे ६५ टक्के म्हणजे १५६, तेव्हा क्षमता कमी होती. रात्रीचा डायपर ३५ ग्रॅमचा, सकाळी २५५, म्हणजे २२० मिलिलिटर. त्यात सकाळची शू ४० मिळवून २६०. वरची मर्यादा ३१२ होती, म्हणजे रात्री लघवी काही जास्त तयार होत नव्हती. फक्त १३० मावणाऱ्या भांड्यात २६० पडत होतं. लघवीची साधी तपासणी केली. त्यात साखर नव्हती, जंतूसंसर्ग नव्हता.

त्याच्या पोटात खडा हाताला लागत होता. पहिले पाच दिवस पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज ३० ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दिवसभरात थोडी थोडी. हे सुट्टीत केलं, कारण त्या दिवसांत वारंवार न्हाणी गाठावी लागते. तिसऱ्या दिवशी आईचा घाबरून फोन आला, एवढं सगळं पोटात होतं? मग रोज १२ ग्रॅमवर आणलं. शी मऊ, सलग, केळ्यासारखी व्हायला हवी हे लक्ष्य होतं. हे डोस त्या मुलाच्या वजनाचे आणि तपासणीनंतरचे आहेत. तुमच्या मुलाचे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

रोज नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं बसायचं, शी येवो न येवो, कारण जेवणानंतर आतडं आपोआप हलतं. त्यांच्याकडे कमोड होता आणि मुलाचे पाय अधांतरी लोंबायचे; पायाखाली प्लास्टिकचं स्टूल दिलं, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात. जुन्या पद्धतीचा भारतीय संडास असेल तर उकिडवं बसणंच उत्तम. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली, मधल्या सुट्टीत त्याला शूला पाठवा.

सहा आठवड्यांनी दिवसाचा सर्वांत मोठा आकडा १८० झाला आणि ओल्या रात्री सहावरून तीनवर आल्या. मग चवथ आली. गावच्या घरी गेले, पावडर घरीच राहिली, मोदक आणि नेवऱ्या पोटात गेल्या, शौचालयापुढे पंधरा माणसांची रांग. अकरा दिवसांनी परतला तेव्हा खडे परत आले होते आणि ओल्या रात्री पाच झाल्या होत्या. आईला वाटलं उपचार फसला. मला वाटलं, त्रासाचं कारण एवढं स्पष्ट क्वचितच दिसतं. पावडर पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांनी क्षमता २०० आणि आठवड्याला दोन ओल्या रात्री उरल्या. त्या दोन रात्रींसाठी मग अलार्म लावला. नवव्या आठवड्यात सलग १४ कोरड्या रात्री पूर्ण झाल्या. पावडर हळूहळू कमी करत एकूण सात महिन्यांनी थांबवली.

इतके महिने पावडर? सवय लागणार नाही का? पपई, केळी देऊन भागणार नाही का?

या पावडरची आतड्याला सवय लागत नाही. ती रक्तात जवळजवळ जात नाही; आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. खरी सवय लागलेली असते ताणलेल्या गुदाशयाला. महिनोन्‌महिने फुगून राहिलेली पिशवी सैल पडते, भरल्याची जाणीव हरवते. तिला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून पावडर निदान दोन महिने चालू ठेवतात, आणि तक्रार पूर्ण थांबल्यावर किमान एक महिना गेला की मगच हळूहळू कमी करतात. पालक बहुतेकदा दुसऱ्या आठवड्यात, मुलाला छान व्हायला लागलं की थांबवतात, आणि साठा परत चढतो.

फळं हवीतच, पण बसलेला खडा पपईने निघत नाही. तो आधी काढायचा. मग आहाराने पुन्हा होऊ द्यायचा नाही. पोदेराकडून पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याची पोय घ्या. आठवड्यात तीन-चारदा अळसांद्यांचं किंवा मुगाचं तोणाक, तांबडी भाजी, एखादं फळ सालीसकट. आणि दिवसाला तीन-चार पेले दूध पिणाऱ्या मुलाचं दूध दोन पेल्यांवर आणा, कारण दुधाने पोट भरतं आणि भाजी ताटात राहते.

संध्याकाळी पाणी बंद करावं का?

बंद करू नका, दिवसावर ढकला. शाळेतून तहानलेलं मूल घरी येतं, चारनंतर ढसाढसा पाणी पितं आणि रात्री मूत्राशय भरतं. दिवसाच्या पाण्याचा साधारण ४० टक्के भाग दुपारच्या आधी, ४० टक्के दुपारनंतर संध्याकाळपर्यंत आणि २० टक्केच त्यानंतर, अशी वाटणी करा. दिवसा पुरेसं पाणी गेलं तर शीही मऊ राहते आणि मूत्राशयही फुगायला शिकतं.

आपल्याकडे रात्रीची पेज कोणी पाण्यात धरत नाही, पण ती जवळजवळ पाणीच आहे. सोलकढी, कलिंगड, सूप यांचंही तेच. पेज दुपारी द्या, रात्री कोरडं जेवण. आणि संध्याकाळचा चहा मुलाला नको, "नुसता दुधाचा" असला तरी. झोपायच्या आधी शू, आणि पाच मिनिटांनी दात घासून झाल्यावर पुन्हा एकदा.

रात्री बारा वाजता उचलून शूला नेलं तर?

नेलंत तर त्या रात्री गादी वाचते. मूल मात्र काही शिकत नाही, कारण झोपेतच ते शू करतं आणि सकाळी त्याला आठवतही नाही. प्रवासात किंवा पाहुण्यांकडे असताना करा, त्यात अपाय नाही. उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

अलार्म कसा वापरायचा?

चड्डीला लावायचा छोटा सेन्सर असतो, ओल लागली की घंटी वाजते. तो ऑनलाइन मिळतो. पोट मोकळं झाल्यावर आणि मूल स्वतः तयार असेल तरच तो लावा, साधारण सहा-सात वर्षांनंतर. साधारण तीनातल्या दोन मुलांना त्याचा उपयोग होतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घंटीने मूल सोडून सगळं घर जागं होतं. हे अपेक्षितच असतं. तेव्हा मोठ्यांनी उठून मुलाला पूर्ण जागं करायचं. नाव विचारा, तोंडावर पाणी मारू द्या, घंटी त्यालाच बंद करू द्या, उरलेली शू न्हाणीत करू द्या. इथे कंटाळा झाला की अलार्म फसतो. गुण येतोय हे आधी ओलेपणाच्या डागावरून कळतं. गादीभर पसरणारा डाग ताटाएवढा होतो, मग वाटीएवढा, आणि घंटी रात्री उशिरा वाजू लागते. चार आठवड्यांत असं काहीच दिसलं नाही तर थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. सलग १४ कोरड्या रात्री होईपर्यंत चालू ठेवा. याला बहुधा दोन ते चार महिने जातात.

चवथीला गावी सगळी चुलत भावंडं एका रांगेत झोपतात. त्या दिवसांपुरती गोळी मिळते का?

मिळते, डेस्मोप्रेसिन. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर जो संप्रेरक सोडतं, त्याचीच ती नक्कल आहे. रात्री लघवी जास्त बनणाऱ्या मुलांना ती चांगली लागू पडते. मूत्राशयात कमी मावणाऱ्यांना तितकी नाही. थांबवली की बहुतेकदा त्रास परत येतो. एक गोष्ट मात्र कडक पाळायची. गोळीच्या एक तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत मुलाला घोट-दोन घोटांपेक्षा जास्त पाणी द्यायचं नाही. नाहीतर शरीरात पाणी साठून रक्तातलं मीठ धोकादायक खाली येतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. उलटी-जुलाब किंवा ताप असेल त्या रात्री गोळी नको. चवथीच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. दोन आठवडे आधी घरी देऊन बघा.

मुलाला रागावलो तर फरक पडेल का?

पडेल, वाईट बाजूने. झोपेतल्या गोष्टीवर त्याचा ताबा नाही, आणि भीतीने तो शी अजून धरून ठेवतो. चादर बदलायला त्याला मदतीला घ्या, पण शिक्षा म्हणून नको. "सकाळी कोरडा उठलास तर चॉकलेट" हेही नको, कारण ते त्याच्या हातात नाही. बक्षीस द्यायचं तर न चुकता दहा मिनिटं बसल्याबद्दल, बाटली संपवल्याबद्दल द्या.

कोणत्या लक्षणांवर थांबू नये?

सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं व्हायला लागलं, त्याला सारखी तहान लागते, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. मुलांचा मधुमेह असा सुरू होतो आणि एक-दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो. लघवी करताना जळजळ, ताप, लाल लघवी, बारीक किंवा थेंब थेंब धार, दिवसभर ठिबकणं, पाठीच्या तळाशी केसांचा पुंजका किंवा खड्डा, चालण्यात बदल यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्रातून पुढे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवता येतं.

जून ते सप्टेंबर गादी वाळतच नाही. काय करायचं?

गादीवर पूर्ण झाकणारं जलरोधक कव्हर, त्यावर चादर, त्यावर अजून एक प्लास्टिक आणि वर दुसरी चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर काढले की खाली कोरडं अंथरूण तयार असतं, अंधारात सगळं घर उठवावं लागत नाही. पावसाळ्यात जाड गोधडी खाली घालू नका. ती चार दिवस वाळत नाही, वास धरते आणि तो वास मुलाच्या नावावर लागतो. पातळ सुती चादरी जास्त ठेवा. शूच्या डागावर आधी थंड पाणी, मग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून चोळा. सकाळी मुलाला शाळेपूर्वी कमरेखाली साबणाने आंघोळ घाला. कोरड्या टॉवेलने पुसून दिलं तर वास राहतो, आणि वर्गात शेजारी बसणाऱ्याला तोच आधी कळतो.